चार लाखांचं स्पिंडल आणि सत्तावीस तास: जुनं सीएनसी लेथ बदलण्याच्या एका निर्णयाचा हिशेब

शिरोली एमआयडीसीतला एक मशीन शॉप. पाच सीएनसी लेथ, दोन शिफ्ट, वीसेक माणसं. आसपासच्या फौंड्रीतून कास्टिंग येतं, इथं त्याचं टर्निंग आणि बोअरिंग होतं आणि तयार जॉब परत जातो. कास्टिंग फौंड्रीचं, मजुरी आपली. कोल्हापुरात असे शॉप शेकड्यांनी आहेत आणि त्यांच्यात चालणारा वादही ठरलेला असतो. मशीन म्हातारं झालंय, वडील म्हणतात चालवू, मुलगा म्हणतो बदलू.

2024 च्या मध्यावर हा वाद माझ्याकडे आला तो कॉस्टिंगवाला म्हणून. मालकांना शॉपमध्ये सगळे आण्णा म्हणतात. मुलगा डिप्लोमा करून सहा वर्षांपूर्वी धंद्यात आलेला. आण्णांनी पहिल्याच वाक्यात आपली बाजू मांडली. "सर, आठ महिन्यांमागं चार लाख धा हजार घातलोय ह्या मशीनवर. स्पिंडल नवं, ड्राइव्ह नवा. आता इकायचं म्हंजे येडेपणाच की."

मुलाच्या हातात लॅपटॉप होता आणि त्यात एक शीट. त्याच्या हिशेबानं नवं मशीन वर्षाला 7 लाख 22 हजार वाचवत होतं. मशीनची किंमत 24 लाख, म्हणजे तीन वर्षं चार महिन्यांत पैसे वसूल.

दोघांचेही आकडे खरे होते. बिलं होती, रजिस्टरं होती. तरी दोघांचाही हिशेब चुकलेला होता, आणि गंमत म्हणजे चूक एकाच जातीची होती. ज्या रकमा निर्णयामुळे हलत नाहीत त्या दोघांनीही हिशेबात धरल्या होत्या. आण्णांनी मागच्या धरल्या, मुलानं पुढच्या.

चार लाख दहा हजारांचं काय झालं

मशीन 2012 च्या एप्रिलमध्ये 18 लाखांना घेतलेलं. आयकरात यंत्रसामग्रीला 15 टक्के घसारा मिळतो, तोही दरवर्षी उरलेल्या किमतीवर. बारा वर्षांनी पुस्तकात त्याची किंमत उरली होती साधारण 2 लाख 56 हजार. स्पिंडलचा खर्च दुरुस्तीखाती पडलेला. आण्णांच्या मनात मात्र मशीनची किंमत 22 लाख 10 हजार होती: खरेदीचे अठरा आणि दुरुस्तीचे चार लाख दहा हजार. जुन्या मशीनचा व्यापारी 5 लाख 50 हजार द्यायला तयार आहे म्हटल्यावर त्यांना साडेसोळा लाखांचा तोटा दिसत होता. मुलाला त्याच व्यवहारात जवळपास तीन लाखांचा फायदा दिसत होता, कारण तो पुस्तकातली किंमत धरत होता.

दोन्ही आकडे बाजूला ठेवावे लागतात. 18 लाख गेले ते 2012 मध्ये, 4 लाख 10 हजार गेले ते आठ महिन्यांपूर्वी. आज मशीन ठेवलं तरी ते परत येत नाहीत, विकलं तरी नाहीत. याला पाठ्यपुस्तकात बुडीत खर्च म्हणतात, आणि या शब्दानंच अर्धा घोटाळा केलाय असं मला वाटतं. आपल्याकडे बुडीत म्हणजे बुडालेली उधारी, पाण्यात गेलेला पैसा. आण्णांना ते ऐकताच राग आला: "बुडीत कसं? आठ महिनं मशीन चाललंय की त्यावर!" बरोबर होतं त्यांचं. पैसा वाया गेला असा याचा अर्थच नाही. त्या दुरुस्तीनं कदाचित उत्तम काम केलं असेल. आता पुढे काय करायचं या प्रश्नात तो खर्च दोन्ही रस्त्यांवर सारखाच आहे, म्हणून तो गळतो. एवढाच त्याचा अर्थ.

आण्णांना पटलं ते मात्र दुसऱ्या वाटेनं. मी व्यापाऱ्याला त्यांच्यासमोरच फोन लावून विचारलं, स्पिंडलचं काम झालं नसतं तर काय भाव दिला असता? तो म्हणाला, साडेतीनच्या वर गेलो नसतो. म्हणजे त्या चार लाख दहा हजारांतले दोन लाख आजही जिवंत आहेत, आणि ते साडेपाच लाखांच्या भावात आधीच बसलेले आहेत. खर्चाचा जो भाग अजून मोलाचा आहे तो विक्रीच्या भावातून किंवा मशीनच्या पुढच्या कामगिरीतून दिसतो. तिथं तो एकदा धरला, की वरून बिलाची रक्कम पुन्हा धरायची नाही.

याच मशीनवर दुसराही एक दुरुस्तीचा आकडा होता, आणि तो अगदी उलट वागतो. एक्स अक्षाचा बॉलस्क्रू आणि स्लाइडवे झिजले होते. मशीन ठेवायचं तर वर्षाच्या आत 1 लाख 60 हजारांचं काम काढावं लागणार होतं. विकलं तर हा खर्च टळतो. त्यामुळे तो पूर्णपणे निर्णयाचा खर्च आहे. एकच मशीन, एकच मेकॅनिक, दोन्ही बिलांवर 'दुरुस्ती' हाच शब्द. एक झालेली, एक व्हायची, एवढाच फरक आणि तोच सगळा फरक. मुलाच्या शीटमध्ये हे 1 लाख 60 हजार नव्हतेच, कारण अजून बिल आलेलं नव्हतं.

साडेपाच लाख खिशातून जात नाहीत म्हणून

"जुनं ठेवायला काय लागतंय? फुकटच हाय की ते." हे आण्णांचं दुसरं वाक्य. इथं संधी खर्च येतो. ज्या दिवशी व्यापारी साडेपाच लाख द्यायला तयार आहे, त्या दिवशी मशीन न विकणं म्हणजे ते साडेपाच लाख देऊन तेच मशीन पुन्हा विकत घेण्यासारखं आहे. चेक फाटत नाही, वहीत नोंद होत नाही, म्हणून तो दिसत नाही.

आण्णांनी मग मधला मार्ग काढला. नवं घेऊ, पण जुनं कोपऱ्यात राहू दे, अडीअडचणीला. शेडमध्ये जागा होती, तिथं क्रेट ठेवले जायचे, म्हणून जागेचं भाडं मी धरलं नाही. पण साडेपाच लाखांवर 12 टक्के व्याजानं वर्षाला 66 हजार. शिवाय मशीनचा भाव दरवर्षी उतरणार. सहा वर्षांनी भंगाराच्या भावात 1 लाख 20 हजार मिळतील असं धरलं तर वर्षाला सरासरी 72 हजारांची घट. म्हणजे अडीअडचणीसाठी ठेवलेलं मशीन वर्षाला पावणेदोन नाही तरी सव्वा लाखाच्या वर खातं. तेवढ्या पैशात अडचणीच्या वेळी शेजारच्या शॉपमधून काम करून घेणं परवडतं. हे ऐकल्यावर आण्णांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

अवर रेटचा सापळा

आता मुलाची शीट. त्याचा सर्वांत मोठा आकडा होता वेळेचा. जॉब एकच, डक्टाइल आयर्नचा हब, महिन्याला 3000 नग. जुन्या मशीनवर एका नगाला लोडिंग धरून 6 मिनिटं, म्हणजे 300 तास. नव्या मशीनच्या ट्रायलमध्ये साडेचार मिनिटं बसली, म्हणजे 225 तास. महिन्याला 75 तास वाचले. शॉपचा अवर रेट 360 रुपये. 75 गुणिले 360 गुणिले 12, वर्षाला 3 लाख 24 हजार.

मी त्याला विचारलं, हे 360 रुपये कशाचे? त्याच्याकडे फोड होती, ती त्याच्या बाजूनं चांगली गोष्ट. सुमारे 95 रुपये वीज, इन्सर्ट आणि कूलंटचे. 95 ऑपरेटरच्या पगाराचे. उरलेले 170 शेडचं भाडं, सुपरवायझर, ऑफिस आणि घसारा यांचे, तासांवर वाटून घातलेले.

महिन्याला 75 तास कमी चालल्यामुळे शेडचं भाडं कमी होतं का? सुपरवायझरचा पगार? ऑपरेटर तर महिन्याच्या पगारावर आहे, मशीन चारला थांबलं तरी तो साडेचारपर्यंत असतोच. अवर रेट हा ग्राहकाला दर सांगण्यासाठी काढलेला आकडा आहे; वर्षाचे सगळे खर्च भरून निघावेत म्हणून त्यात सगळं वाटलेलं असतं. वाचलेल्या तासाला तोच दर लावला की एमआयडीसीचं भाडंही वाचल्यासारखं दिसतं. माझ्या पाहण्यात मशीन बदलाच्या हिशेबातली सर्वांत महागडी चूक हीच. शिकलेली मुलं ती जास्त करतात, कारण त्यांच्याकडे अवर रेट काढलेला असतो.

मग वाचलेल्या 75 तासांत खरोखर काय वाचतं? वीज. जुनं मशीन तासाला सहा युनिट घेत होतं. युनिटला नऊ रुपये धरून 54 रुपये. नव्याची मोटर मोठी, तासाला 60 रुपये. महिन्याला 16,200 ऐवजी 13,500. वर्षाला 32 हजारांची बचत. तीन लाख चोवीस हजारांचे बत्तीस हजार झाले. मुलगा थोडा वेळ स्क्रीनकडे बघत बसला.

रजिस्टरमधली रिजेक्शन

दुसरा मोठा आकडा रिजेक्शनचा. त्यानं धरलं होतं, आज 3.4 टक्के, नव्या मशीनवर एक टक्का, आणि वाचलेल्या प्रत्येक नगाचे कास्टिंगचे 310 रुपये. वर्षाला 2 लाख 68 हजार.

आम्ही रजिस्टर उघडलं. महिन्याला सरासरी 102 नग नापास. त्यातले 42 ब्लो होलचे: टूल आत गेल्यावर कास्टिंगमधली पोकळी उघडी पडते. तो दोष फौंड्रीचा, म्हणून त्याची किंमत आपल्या बिलातून कापणारी डेबिट नोट येत नाही, आणि मशीन कितीही नवं आणलं तरी ब्लो होल तेवढेच राहणार. उरलेले 60. त्यांत 24 नगांपुढे सेटिंग असं लिहिलेलं: ऑफसेट चुकीचा दिला, जॉब नीट बसला नाही. तेही माणसाचं काम, मशीनचं नाही. राहिले 36, बोअरचा साइज हललेला.

या 36 नगांचं वेळापत्रक पाहण्यासारखं होतं. बहुतेक सकाळच्या पहिल्या तासातले किंवा जेवणाच्या सुट्टीनंतरचे. मशीन थंड असतं, स्पिंडल तापेपर्यंत बोअर सरकत राहतो, त्यात झिजलेल्या बॉलस्क्रूचा बॅकलॅश, म्हणजे ढिलेपणा. डायल लावून मोजला तर तीन शतांश मिलिमीटरच्या वर निघाला. दोष मशीनचा आहे की माणसाचा हे ओळखायची ही साधी रीत आहे: नापास नग घड्याळाप्रमाणे गोळा होत असतील तर मशीन, शिफ्टप्रमाणे होत असतील तर माणूस.

नव्या मशीनवर 36 चे सहा राहतील असं धरलं. वाचले 30. प्रत्येकाचे पूर्ण 310 वाचत नाहीत, कारण नापास कास्टिंग आपल्याकडे राहतं आणि भंगारात त्याचे 90 रुपये येतात. म्हणजे खरं नुकसान 220 चं. त्यात न मिळालेली 36 रुपये मजुरी मिळवायची. नगाला 256 रुपये, वर्षाला सुमारे 92 हजार.

बाकीचं लवकर उरकतं. जुन्या मशीनची किरकोळ दुरुस्ती तीन वर्षांच्या सरासरीनं वर्षाला 1 लाख 30 हजार, स्पिंडल सोडून. नव्याला देखभाल करार धरून 35 हजार. फरक 95 हजार. मशीन बंद पडलं की रविवारी काम काढावं लागायचं, आणि तेव्हाच्या कारखाना कायद्यानुसार ओव्हरटाइम दुप्पट दरानं. महिन्याला सरासरी चार हजार, वर्षाला 48 हजार. इथं मात्र ऑपरेटरचा पैसा खरोखर वाचतो. नेहमीचा पगार हलत नाही, ओव्हरटाइम हलतो. नव्या मशीनचा विमा 9 हजारांनी जास्त, तो वजा.

एकूण फरक वर्षाला 2 लाख 58 हजार. मुलाच्या 7 लाख 22 हजारांपैकी जेमतेम एक तृतीयांश.

मग बदलायचं नाही का?

मशीन 24 लाख. वाहतूक, फाउंडेशन, स्टॅबिलायझर, जॉज मिळून 1 लाख 10 हजार. 18 टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळतं म्हणून तो खर्चात नाही, पण 4 लाख 32 हजार क्रेडिट वळतं होईपर्यंत काही महिने अडकतात, तेवढी सोय आधी करावी लागते. जुन्याचे येणारे साडेपाच लाख आणि टळणारे 1 लाख 60 हजार वजा केले की खरी गुंतवणूक उरते बरोबर 18 लाख.

सहा वर्षांचा पल्ला धरला. सहा वर्षांनी नव्याचे 9 लाख येतील, जुन्याचे 1 लाख 20 हजार आले असते. फरक 7 लाख 80 हजार. व्याजदर 12 टक्के, म्हणजे बँकेपेक्षा थोडा वर. या दरानं सहा वर्षांच्या बचतीची आजची किंमत 10 लाख 61 हजार, आणि शेवटच्या फरकाची 3 लाख 95 हजार. बेरीज 14 लाख 56 हजार. 18 लाखांना 3 लाख 44 हजार कमी.

आण्णांचा चेहरा खुलला. "म्या म्हणलोच हुतो."

पण एक गोष्ट अजून धरलेलीच नव्हती, आणि तीच या प्रकरणाचा गाभा आहे. मोकळ्या तासांत दुसरं काम घेता येतं. महिन्याला 350 तास उपलब्ध. जुनं मशीन त्यातले 40 तास बंद असायचं आणि 300 तास हबच्या कामात. हाती फक्त दहा. नवं मशीन 10 तास बंद धरलं आणि 225 तास हबला, तर 115 उरतात. म्हणजे 105 तास जास्त. त्यातला एक तास 360 रुपयांना विकला तर 60 ची वीज आणि 40 चं इन्सर्ट-कूलंट जाऊन 260 रुपये हाती राहतात. ऑपरेटर आधीच उभा आहे, त्याचा पगार इथं शून्य.

3 लाख 44 हजारांची तूट सहा वर्षांत भरून काढायला वर्षाला सुमारे 84 हजार लागतात, महिन्याला सात हजार. 260 नं भागलं की उत्तर येतं महिन्याला 27 तास. प्रश्न एवढ्यावर आला: 105 पैकी 27 तास विकले जातील का?

न विकला गेलेला तास फुकटच. मोकळ्या तासाची किंमत तेव्हाच असते जेव्हा त्यासाठी काम थांबलेलं असतं. इथं मला शंका होती, कारण इतर चार मशीन मिळून महिन्याला 90 तास आधीच रिकामी होती. रिकामे तास आधीच पडून असतील तर आणखी 105 कशाला? मी हे बोललो तेव्हा मुलानं पहिल्यांदा मला दुरुस्त केलं. त्या चारपैकी तीन मशीन आठ इंची चकची, म्हणजे जॉब धरणाऱ्या पकडीची. दहा इंची चक दोघांनाच, या जुन्याला आणि दुसऱ्या एकाला, आणि ते दुसरं पूर्ण भरलेलं. परत गेलेलं काम सगळं मोठ्या व्यासाचं होतं. म्हणजे शॉपमध्ये तासांचा तुटवडा नव्हता, दहा इंची तासांचा होता. नव्वद रिकामे तास आहेत हे माझं वाक्य खरं असून निरुपयोगी ठरलं.

परत गेलेल्या कामाची नोंद कुणीच ठेवत नाही, म्हणून संधी खर्च अंदाजावर सोडला जातो. आण्णांकडे मात्र एक डायरी होती, फोन आला की लिहायची सवय. सहा महिन्यांची पानं काढली. दहा इंची चकचं काम महिन्याला सरासरी 45 तासांचं नाकारलेलं. त्यातलं तिसरा हिस्सा दर फारच पाडून मागणाऱ्यांचं, ते घेतलं नसतंच. उरले 30.

30 तास म्हणजे 27 च्या जेमतेम वर. आजच्या किमतीत सहा वर्षांचा निव्वळ फायदा सुमारे 40 हजार. 18 लाखांवर एवढाच फायदा, म्हणजे तो पुसायला चुकीचा एक अंदाज पुरे. फर्मचा 31.2 टक्के कर, बचतीवरचा कर, नव्याचा घसारा आणि करानंतरचा व्याजदर धरून पुन्हा मांडलं. उत्तर जवळपास तिथंच राहिलं. पुस्तकातल्या 2 लाख 56 हजारांचा तिथंही उपयोग नाही, कारण विक्रीची रक्कम यंत्रसामग्रीच्या एकत्रित ब्लॉकमधून वजा होते, त्या एका मशीनची उरलेली किंमत काहीही असो.

दोन गोष्टी ज्या शीटमध्ये बसत नव्हत्या

पहिली, हप्ता. 18 लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांचं, महिन्याला 38,690. आण्णा बचतीशी हप्त्याची तुलना करत होते आणि मुलगा म्हणत होता की ते चूक आहे. हिशेब म्हणून मुलगा बरोबर. 12 टक्के लावल्यावर व्याज पुन्हा वजा करायचं नसतं. पण महिन्याला बचत 21,500 आणि तीस तासांचे 7,800 मिळून 29,300 येणार, आणि जाणार 38,690. पाच वर्षं दरमहा सव्वानऊ हजारांच्या वर पदरचे घालायचे, कारण फायद्याचा मोठा भाग सहाव्या वर्षाअखेर मशीनच्या किमतीतून येतो. परवडणं वेगळं आणि झेपणं वेगळं. इथं वडिलांच्या प्रश्नाला मुलाच्या उत्तरानं झाकायचं नव्हतं.

दुसरी, ग्राहक. फौंड्रीचा खरेदीवाला शॉपमध्ये येतो तेव्हा त्याच्या हातात स्टॉपवॉच असतं. साडेचार मिनिटांत नग पडताना दिसला की तो 36 रुपयांचा दर कमी मागणार. नगाला दीड रुपया जरी सोडावा लागला तरी वर्षाला 54 हजार गेले, आणि 27 तासांचे 44 तास होतात. डायरीतल्या तीस तासांत मग हा निर्णय बसत नाही.

म्हणून मशीनची ऑर्डर देण्याआधी दोन कामं केली. हबचा दर एका वर्षासाठी लेखी बांधून घेतला. रिजेक्शन कमी होईल याचा फायदा फौंड्रीलाही होता, त्यामुळे ते जमलं. आणि डायरीतल्या ज्या गिऱ्हाइकाला सर्वांत जास्त वेळा नाही म्हटलं होतं त्याच्याकडे मुलगा स्वतः गेला. त्यानं महिन्याला 35 तासांचं शेड्यूल दिलं, सहा महिन्यांसाठी. दोन्ही कागद हातात आल्यावर आण्णांनी होकार दिला.

आठ महिन्यांनी आकडे पाहिले. व्यापाऱ्यानं मशीन चालवून बघितलं, टरेट इंडेक्स होताना अडकतोय म्हणाला, आणि साडेपाचाचे पाच लाख दहा हजार दिले. ट्रायलचे साडेचार मिनिटं शॉपमध्ये 4.9 वर स्थिरावले; ट्रायलचं कास्टिंग निवडून पाठवलेलं होतं, रोजच्या कास्टिंगची कडक कातडी तशी नसते. त्यामुळे हबलाच 245 तास लागतात. साइजमुळे जाणारे नग सहावर नाहीत, नवावर आहेत. आणि बाहेरचं काम पहिले तीन महिने 20-22 तासांचंच झालं, कारण नव्या जॉबचे जॉज आणि प्रोग्राम बसवण्यात वेळ गेला. चौथ्या महिन्यापासून ते 41 ते 48 तासांच्या मध्ये आहे. हबच्या दराचं पत्र चार महिन्यांत संपतंय, आणि खरेदीवाल्याचा फोन येऊन गेलाय.